गैरहजर कोणाला म्हणायचं

डायलिसिस केंद्राच्या व्यवस्थापकाने मला पहिल्याच भेटीत "काका" म्हटलं आणि तिथेच माझं त्याच्याशी बिनसलं. माझ्या पुतण्यांनासुद्धा मी आताशा बोलायची फारशी मुभा देत नाही. हा कोण लागून गेला?

"आमचा प्रश्न अगदी साधा आहे काका," तो म्हणाला. "पेशंट डायलिसिस चुकवतात. का चुकवतात, तेवढं शोधून द्या."

त्याच्या टेबलावर एक कागद होता. सकाळच्या शिफ्टमध्ये गैरहजर किती, दुपारी किती, संध्याकाळी किती. संध्याकाळचा आकडा सकाळच्या जवळजवळ दुप्पट होता. लोक येत नाहीत, मशीन मोकळी राहतात, विजेचा आणि नर्सचा खर्च मात्र चालूच राहतो, तेव्हा संध्याकाळची शिफ्ट बंद करावी असं विश्वस्तांच्या मनात होतं. पण उद्या कोणी म्हणायला नको की न विचारता बंद केली. म्हणून सर्व्हे, आणि म्हणून आमचं ऑफिस.

मी त्याला तिथेच सांगितलं की माझी बायको तुमच्या संध्याकाळच्या शिफ्टला होती आणि मागच्या वर्षी ती गेली. संध्याकाळची इनचार्ज सिस्टर माझी मेहुणी आहे, हेही सांगितलं. तुम्हाला चालणार नसेल तर काम दुसऱ्याला द्या म्हणालो. त्यावर तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला की उलट बरंच झालं, तुम्हाला आतलं सगळं माहीत आहे.

मग मी त्याला एकच गोष्ट विचारली. गैरहजर कोणाला म्हणता?

"ज्याची रजिस्टरमध्ये सही नाही तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटच्या महिन्यात माझी बायको दोन वेळा या केंद्रातून तशीच घरी आली होती. सकाळची शिफ्ट उशिरा सुटली, त्यामुळे दुपारची लांबली, त्यात एक मशीन बंद पडलं आणि संध्याकाळच्यांना सांगितलं की आज जमणार नाही. ती दिवसभर लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहून तिथे गेली होती. डायलिसिस झालं नाही म्हणजे सही नाही. सही नाही म्हणजे गैरहजर. ज्या आकड्यावरून हा माणूस शिफ्ट बंद करायला निघाला होता, त्या आकड्यात माझी बायकोही होती.

काम मी घेतलं ते यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी प्रश्नावली तयार करतो. आकडेमोड करणारा माझा जोडीदार, त्याला सगळे टक्के म्हणतात. जेवलास का विचारलं तर सत्तर टक्के जेवलो म्हणणारा माणूस. कामात चोख आहे. इतकी वर्षं एकत्र काढली, पण तो माझ्या बायकोच्या दिवसांना आला तेव्हा दारातच उभा राहिला, आत कसं यावं ते त्याला कळेना. शेवटी मीच हाताला धरून त्याला आत आणलं.

आमच्या कामाची पद्धत अशी. लोकांना वाटतं, विषय मिळाला की बसायचं आणि सुचतील ते प्रश्न लिहायचे. तसं केलं की चाळीस प्रश्न होतात आणि उत्तर एकाचंही मिळत नाही. "का चुकवतात" हा प्रश्न कोणाला जसाच्या तसा विचारता येत नाही. विचारलात तर माणूस तुमच्या तोंडाकडे बघतो आणि तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. म्हणून आधी त्या प्रश्नाची उद्दिष्टं पाडायची. मग प्रत्येक उद्दिष्टासाठी नेमकं काय कळलं पाहिजे ते लिहायचं, आणि ते मोजता येईल अशा शब्दांत आणायचं. त्यानंतर प्रश्न येतो. भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर हे सगळं रकान्यांत मांडायचं. डावीकडे उद्दिष्ट, त्यापुढे काय कळायला हवं, त्यापुढे प्रश्न, मग उत्तर कसं घ्यायचं, आणि शेवटी त्या उत्तराचा कोणता तक्ता निघणार. आम्ही त्याला नकाशा म्हणतो.

या नकाशाचे नियम दोनच आहेत. ज्या प्रश्नाला उद्दिष्ट नाही तो कितीही चांगला असला तरी काढून टाकायचा. आणि ज्या उद्दिष्टाला प्रश्न नाही ते उद्दिष्ट पूर्ण झालं असं कोणी म्हणायचं नाही. पहिला नियम मी तपासतो, दुसरा टक्के. मी उजवीकडून डावीकडे वाचत जातो, तो डावीकडून उजवीकडे.

चार उद्दिष्टं ठरली. एक, डायलिसिस किती होतात आणि किती राहतात, शिफ्टप्रमाणे. दोन, पेशंटच्या बाजूची कारणं. तीन, केंद्राच्या बाजूची कारणं. चार, संध्याकाळची शिफ्ट बंद झाली तर हे लोक काय करणार.

तिसरं उद्दिष्ट व्यवस्थापकाला नको होतं. सर्व्हे पेशंटांचा आहे, केंद्राचा नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो की चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर सर्व्हेचा खर्च कशाला करता, एक नोटीस लावा आणि मोकळे व्हा. त्यावर तो हसला आणि ठेवा म्हणाला. इतक्या सहज का ठेवलं याचा विचार तेव्हाच करायला हवा होता.

तिसऱ्या ओळीवर आमचं भांडणही बरंच झालं. टक्केने लिहिलं होतं, "केंद्रातील कर्मचारी वेळेवर आणि आपुलकीने सेवा देतात का?" मी म्हणालो, अरे, सिस्टर वेळेवर आली पण खेकसली, तर त्याने हो म्हणायचं की नाही? एका प्रश्नात दोन प्रश्न. आणि आपुलकी मोजणार कशाने, लिटरने? शेवटी तीन प्रश्न झाले. गेल्या चार आठवड्यांत तुम्ही केंद्रात आलात पण डायलिसिस न होता परत जावं लागलं, असं किती वेळा झालं. शेवटचं तसं झालं तेव्हा काय कारण सांगितलं. आणि मागच्या डायलिसिसला ठरलेल्या वेळेनंतर मशीन लावायला साधारण किती वेळ लागला. हे मोजता येतं. चार आठवडे यासाठी की त्याहून मागचं लोकांना नीट आठवत नाही, मग ते अंदाजे ठोकून देतात.

प्रश्नांचे शब्द बघायला मेहुणीला बोलावलं होतं. ती ड्यूटीला जायच्या आधी आली, पर्स मांडीवर ठेवून बसली आणि पहिलाच कच्चा मसुदा वाचून तोंडावर हात धरून हसायला लागली. टक्केने शिफ्टला सगळीकडे पाळी लिहिलं होतं. "भावोजी, 'गेल्या महिन्यात पाळी चुकली का' असं बायकांना विचारत सुटलात तर मार खाल. आणि पुरुषांना विचारलंत तर वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवतील." टक्के कानापर्यंत लाल झाला. मीही हसलो. बायको गेल्यावर ऑफिसात पहिल्यांदाच हसलो असेन, आणि लगेच मला स्वतःचाच राग आला.

त्या दिवशी नकाशाच्या कडेला मी पेन्सिलीने एक प्रश्न लिहून ठेवला होता. "परत पाठवल्यावर तुम्ही घरी कसे गेलात?" मेहुणीने तो वाचला. तिने पर्स उचलली आणि ती गेली. टक्केनेही वाचला असणार. हा कुठल्या उद्दिष्टाचा, असं त्याने विचारायला हवं होतं, पण त्याने विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापकाची सूचना आली की प्रश्नावली लांब आहे. पेशंट थकलेले असतात, इतका वेळ बसणार नाहीत. ते खरंच होतं. चार तास मशीनवर काढून उठलेल्या माणसाला आपलं नाव सांगायचाही कंटाळा येतो, हे मला कोणी शिकवायला नको. तो प्रश्न काढा, हा काढा असा त्याने तगादा लावला, आणि मी एकेका प्रश्नासाठी त्याच्याशी फोनवर भांडत राहिलो. प्रत्येक वेळी जिंकलो. एकही प्रश्न निघाला नाही. मला वाटलं, झालं, आपण किल्ला राखला.

प्रश्न न काढता वेळ कसा वाचवायचा ते टक्केने सोडवलं. अकरावा प्रश्न असा होता, "गेल्या चार आठवड्यांत ठरलेल्या दिवशी तुम्ही केंद्रात आला नाहीत, असं झालं का?" त्याच्यापुढे त्याने एक बाण काढला. उत्तर 'नाही' असेल तर थेट प्रश्न एकोणीसवर जा. जो नेमाने येतो त्याला न येण्याची कारणं विचारून दमवायचं कशाला? आमच्या धंद्यात असे बाण रोजचे आहेत. मी तो बघितला आणि सही केली.

छापण्याआधी आम्ही प्रश्नावली मोजक्या लोकांवर करून बघतो. केंद्राच्या बाहेरच्या खोलीत, वजनकाट्याशेजारी बसून दोघा मुलाखतकारांनी ती संध्याकाळच्या काही पेशंटांना विचारली. टक्केने तक्ते काढले आणि माझ्यापुढे ठेवले. पहिल्या उद्दिष्टात आकडे होते. दुसऱ्यात काम, बस, अंगात त्राण नसणं, अशी थोडीफार कारणं. चौथ्यात भरपूर. तिसऱ्या उद्दिष्टासमोर जवळजवळ काहीच नव्हतं. टक्केने तिथे लिहिलं होतं, "तक्रार नाही."

"कोणाचीच नाही?" मी विचारलं.

"नव्वद टक्क्यांची तरी नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कदाचित आता सुधारलं असेल."

मी तक्ता त्याच्या अंगावर फेकला. कागदच तो, लागत नाही. पण फेकला. तुम्ही सगळे त्यांना सामील आहात, असंही म्हणालो. त्याने कागद उचलला, सरळ केला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. व्यवस्थापकाला या तक्त्यांची प्रत आधीच गेली होती. संध्याकाळी त्याचा फोन आला, फारच प्रसन्न आवाजात. "बघा काका, मी म्हणत नव्हतो?"

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. तिची खुर्ची खिडकीजवळची, मी माझ्या. पुढ्यात कोरी प्रश्नावली होती. मला कळत नव्हतं की घोडं पेंड कुठे खातंय. लोक घाबरून खोटं बोलले असतील, मुलाखतकारांनी घाईत विचारलं असेल, सगळं मनात येऊन गेलं. मग मी पेन घेतलं आणि ती प्रश्नावली तिला विचारली.

वेड लागलं होतं असं नाही. प्रश्नावली तपासायची ही आमची जुनी रीत आहे. एक माणूस डोळ्यांपुढे आणायचा आणि त्याच्या वतीने पहिल्या प्रश्नापासून उत्तरं देत जायचं. फक्त आजवर मी कोणीतरी काल्पनिक माणूस घेत होतो.

वय. शिफ्ट. किती वर्षं डायलिसिसवर. नोकरी करता का. करते. केंद्रापर्यंत कशाने येता. बस, मग चालत. तिची उत्तरं मला विचार न करता येत होती, तिच्याच सुरात. मग अकरावा. गेल्या चार आठवड्यांत ठरलेल्या दिवशी तुम्ही केंद्रात आला नाहीत, असं झालं का?

"नाही," ती म्हणाली असती. जरा फणकाऱ्यानेच. ताप असताना गेली होती ती. तिच्या मामेभावाच्या लग्नातून जेवण अर्धं टाकून उठून गेली होती. एकदाही चुकवलं नव्हतं तिने, आणि चुकवतात त्यांच्याबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. नाही.

मी 'नाही'वर खूण केली. शेजारी टक्केचा बाण होता. प्रश्न एकोणीसवर जा.

मी तिथेच थांबलो. सोळा, सतरा आणि अठरा हे परत पाठवल्याचे प्रश्न. तिला ते कोणी विचारलेच नसते. जी केंद्रात गेली आणि दारातून परत आली, तिच्यासाठीच ते प्रश्न लिहिले होते, आणि तिलाच त्यांच्यावरून उडी मारून पुढे न्यायची सोय आम्ही केली होती. बाण सोळाला थांबायला हवा होता. न येण्याची कारणं बारा ते पंधरात होती, तेवढीच वगळायची होती. नकाशावर सगळं जागेवर होतं. तिसऱ्या उद्दिष्टाला तीन प्रश्न, तिन्ही प्रश्नांना उद्दिष्ट. मी उजवीकडून तपासलं, टक्केने डावीकडून तपासलं, आणि तो प्रश्न नेमका कोणापर्यंत पोचतो हे दोघांनीही बघितलं नाही. त्यासाठी नकाशात रकानाच नव्हता.

म्हणजे केंद्राच्या रजिस्टरमध्ये ती गैरहजर. आणि माझ्या सर्व्हेत तिची तक्रार नाही.

समोरची खुर्ची मी लाथेने सरकवली. मग उठून परत जागेवर ठेवली.

सोमवारी मी केंद्र उघडायच्या वेळी व्यवस्थापकाच्या खोलीत शिरलो. बसलो नाही. जे तोंडाला आलं ते बोललो. नालायक म्हणालो, लबाड म्हणालो, माणसं मारून वर त्यांच्यावरच खापर फोडता म्हणालो. बाहेर मशीनची वाट बघत बसलेले लोक ऐकत असणार. त्याने मला बोलू दिलं. मग त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "बाण तुमच्या ऑफिसातून आलाय. खाली सही तुमची आहे. तुमच्या जोडीदाराला मी फक्त एवढंच म्हटलं होतं की जे नियमित येतात त्यांना थेट शेवटच्या भागाकडे न्या."

"थेट शेवटच्या का? तिसऱ्याच्या पुढे का?"

"मला काय कळतं त्यातलं काका? तज्ज्ञ तुम्ही."

त्याला कळत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण एवढं सांगतो की दुरुस्त करतो म्हटल्यावर त्याने नाही म्हटलं. विश्वस्तांनी नमुना मंजूर केलाय, छपाईला गेलाय, आता बदल होणार नाही. आणि मग, अगदी हळू आवाजात, तो म्हणाला की तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो. तुम्ही या विषयाच्या फार जवळ आहात.

ज्या गोष्टीसाठी त्याने पहिल्या दिवशी "उलट बरंच" म्हटलं होतं, तीच आता त्याने माझ्या गळ्यात अडकवली.

मी ऑफिसात आलो आणि टक्केवर तुटून पडलो. बाण तूच काढलास, तूच डोळे झाकून त्याचं ऐकलंस. तो टेबलाशी गेला, पट्टी घेतली आणि नकाशावर 'प्रश्न' आणि 'उत्तर कसं घ्यायचं' यांच्यामध्ये नवा रकाना आखायला लागला. जागा नव्हती म्हणून मध्ये कागदाची पट्टी चिकटवली. वर लिहिलं, 'कोणाला विचारायचा'. सोळा, सतरा, अठरा यांच्यासमोर लिहिलं, 'सर्वांना'. सतरासमोर थांबला, खोडलं आणि लिहिलं, 'सोळाचं उत्तर एक किंवा जास्त असेल त्यांना'. परत एकदाही पाठवलं गेलं नसेल तर कारण विचारून काय करणार? त्याचं बरोबर होतं. तक्त्यातलं "तक्रार नाही"ही त्याने खोडलं आणि तिथे "विचारलं नाही" असं लिहिलं. मी तेव्हा बोलायचं थांबलो.

विश्वस्तांची बैठक त्याच आठवड्यात होती. नकाशाची गुंडाळी काखेत मारून आम्ही दोघं गेलो. मेहुणीला तिथे इनचार्ज म्हणून बसवलं होतं. आत जाण्याआधी तिने मला जिन्यात गाठलं. "भावोजी, ताईचं नाव काढू नका. काढलंत तर हे सगळं घरगुती होईल, आणि ते म्हणतील मेव्हणा-मेहुणी मिळून आले." मी म्हणालो की तिचंच तर आहे हे सगळं. ती म्हणाली, "माहितीय. म्हणूनच सांगतेय."

अध्यक्षबाई म्हणजे लहान मुलांच्या निवृत्त डॉक्टर. कानाला यंत्र होतं, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलत होते आणि मला तेवढं सोयीचं झालं. व्यवस्थापकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं की यांच्या पत्नी आपल्याकडे होत्या, त्यामुळे यांना थोडं वैयक्तिक वाटणं साहजिक आहे. मी उठलो. मेहुणीने मान खाली घातली. मी काही बोलायच्या आत अध्यक्षबाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी चूक काय ती दाखवा. पत्नी कोणाचीही असो."

मी नकाशा टेबलावर पसरला. रकाने समजावले. बाण दाखवला. त्यांनी थोडा वेळ चष्मा वरखाली केला आणि मग व्यवस्थापकाकडे वळल्या. "तुम्ही पेशंट व्हा. काल संध्याकाळी आला होतात, मशीन बंद म्हणून परत पाठवलं. चला, विचारा हो यांना."

मी विचारलं. गेल्या चार आठवड्यांत ठरलेल्या दिवशी तुम्ही केंद्रात आला नाहीत, असं झालं का?

व्यवस्थापक हसला. कोणीच साथ दिली नाही तेव्हा गप्प झाला. "नाही," तो म्हणाला. "म्हणजे, आलो होतो."

"मग आता प्रश्न एकोणीस," मी म्हणालो. "संध्याकाळची शिफ्ट बंद झाली तर तुम्ही काय कराल?"

अध्यक्षबाईंनी मेहुणीला विचारलं की परत पाठवलेला पेशंट रजिस्टरमध्ये कसा लिहिता. मेहुणी उभी राहिली. रजिस्टरला दोनच रकाने आहेत, हजर आणि गैरहजर, एवढंच ती म्हणाली. मशीन बंद पडल्याची नोंद तंत्रज्ञाकडे वेगळी असते आणि त्या दोन नोंदी कधी शेजारी ठेवून बघितल्या जात नाहीत.

छपाई थांबवायचं ठरलं. बाण सोळावर आणायचं ठरलं. मी नकाशा गुंडाळायला घेतला तेव्हा अध्यक्षबाईंनी कडेच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं. "आणि हा? परत पाठवल्यावर तुम्ही घरी कसे गेलात. हा कुठल्या उद्दिष्टाचा?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

मी खिशातून खोडरबर काढलं. टक्के खिडकीबाहेर बघत होता. मी तो प्रश्न खोडला. बराच वेळ लागला, पेन्सिल दाबून चालवली होती.

ती कशी आली ते मला माहीत होतं. पहिल्यांदा चालत बसपर्यंत, आणि तिथून उभ्याने. दुसऱ्यांदा तिला चालवेना, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, तेव्हा केंद्रासमोरच्या कट्ट्यावर बसून तिने मला फोन केला. मी घ्यायला गेलो. ती म्हणाली, चिडू नकोस, त्यांचं मशीन बिघडलंय. ती गेली ती त्यामुळेच, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले हृदय थकलं होतं. आणि एका माणसावरून कारण ठरवायचं नसतं हे मी लोकांना आयुष्यभर शिकवत आलोय. पण चिडू नकोस हे मला जमलेलं नाही.

शेवटी अध्यक्षबाईंनी आणखी एक ठरवलं. प्रश्नावली आता बरोबर आहे, पण पुढच्या मुलाखती आणि मोजणी माझ्याकडे नको, टक्केकडे द्यावी. मला प्रचंड राग आला. बाई चुकत होत्या म्हणून नव्हे, बरोबर होत्या म्हणून. मी असतो तर प्रत्येक परत पाठवलेल्या माणसाला दोनदा मोजलं असतं.

टक्केने दोन महिने काम केलं. मला एक आकडाही सांगितला नाही, मीही विचारला नाही. अहवाल गेला तेव्हा वाचला. संध्याकाळच्या पेशंटांचं जे डायलिसिस राहिलं होतं त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा पेशंट केंद्रात आलेले होते. तेवढं बाजूला काढलं की संध्याकाळचे लोक सकाळच्यांपेक्षा जास्त चुकवतात असं दिसत नव्हतं. संध्याकाळची शिफ्ट राहिली. रजिस्टरमध्ये तिसरा रकाना आला, 'आले, झाले नाही', आणि त्यापुढे कारण. व्यवस्थापकही राहिला. त्याने एका सभेत सांगितल्याचं कानावर आलं की हा रकाना केंद्रानेच पुढाकार घेऊन सुरू केला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांची जात कधी संपत नाही.

नवं रजिस्टर सुरू झालं त्या दिवशी मी संध्याकाळी केंद्रात गेलो. मेहुणी काउंटरवर होती. मी तिला म्हणालो की मागच्या वर्षीचं रजिस्टर काढ. कशाला ते तिला सांगावं लागलं नाही.

"नाही, भावोजी."

मी म्हणालो, दोनच नोंदी आहेत. तुझी सख्खी बहीण आहे. गैरहजर नव्हती ती. तू स्वतः तिला दारातून परत जाताना बघितलंस.

"बघितलंय. मीच सांगितलं होतं तिला, आज जमणार नाही म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "जुन्या रजिस्टरला मी हात लावणार नाही. आज तुमच्यासाठी मी खोडलं तर उद्या तो त्याच्यासाठी खोडेल. मग तुमच्या त्या नकाशाचं काय करायचं?"

मला तिला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. बोललोही असतो. पण मागे एक बाई आली, हातात डबा आणि खांद्यावर ऑफिसची पिशवी. दोन्ही खाली ठेवून ती वजनकाट्यावर उभी राहिली. मेहुणीने आकडा लिहून घेतला, अंगातलं किती पाणी काढायचं ते ठरवलं आणि आत आवाज दिला. मशीन तयार होतं. बाईने पहिल्या रकान्यात सही केली.

मेहुणीने रजिस्टर माझ्याकडे वळवलं. तिसरा रकाना त्या पानावर वरपासून खालपर्यंत कोरा होता.

"चहा घेणार?" तिने विचारलं.

नको म्हणालो आणि बाहेर आलो. समोरच्या कट्ट्यावर कोणी बसलेलं नव्हतं. मी तिथे बसलो नाही. बसपर्यंत चालत गेलो, आणि उभ्यानेच घरी आलो.